शर्यतपथावरील मोटारसायकलचे इंजिन ऑइल

रस्त्यावर चालविण्यासाठी बनविलेली स्पोर्ट्स मोटारसायकल तिचा मालक अधूनमधून बंदिस्त शर्यतपथावर पूर्ण वेगाने फिरविण्यासाठी नेतो, तेव्हा तिच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात ‘रेसिंग ऑइल’ या नावाने विकले जाणारे महागडे तेल घालावे, की नेहमीच्याच जातीचे परंतु अधिक चांगल्या प्रतीचे तेल पुरेसे होते, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने दिले आहे. पूर्ण संश्लेषित, ओल्या क्लचसाठी प्रमाणित झालेले, वाहनाच्या पुस्तिकेत मान्य असलेल्या ग्रेडचे आणि मुख्यतः ताजे तेल अशा वाहनाला पुरते. खास शर्यतीसाठी रचलेले तेल हे निराळ्या गरजेतून जन्मलेले निराळे द्रव्य असून, ते निव्वळ वरच्या पायरीवरचे नेहमीचे तेल होय, अशी जी सर्रास समजूत आढळते तिला आधार नाही.

शर्यतपथावर तेलावर काय गुदरते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मोटारगाडीत इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरपेटीचे वेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही अंगे एकाच तेलात नांदतात. त्या तेलाला एकाच वेळी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये पातळ पण अभंग पापुद्रा धरून ठेवावा लागतो, गिअरच्या दात्यांमधील दाब सोसावा लागतो आणि क्लचच्या तबकड्या मात्र निसरड्या होऊ द्यावयाच्या नसतात. रस्त्यावर इंजिन आपल्या पूर्ण शक्तीचा अल्पांशच खर्च करीत असते. शर्यतपथावर पंधरा-वीस मिनिटांच्या प्रत्येक फेरीसत्रात ते बहुतांश काळ वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे मिनिटाला आठ-दहा हजार आवर्तनांच्या घरात राहते, आणि तेलाचे तापमान नेहमीच्या शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास न थांबता १२० अंशांपर्यंत, वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याहूनही वर, जाऊ शकते. या उष्णतेने तेल पातळ होते. परंतु तो पातळपणा तात्पुरता असून तेल निवले की मूळपदावर येते. कायमची हानी होते ती गिअरच्या दात्यांमुळे. १०डब्ल्यू-४० यासारख्या बहुग्रेड तेलांत उष्णतेतही दाटपणा टिकावा म्हणून लांब साखळीची बहुवारिके मिसळलेली असतात, आणि त्या साखळ्या दात्यांच्या चिमटीत सापडून तुटत जातात. वापरलेल्या तेलाने ‘ग्रेड गमावली’ असे जे म्हणतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

ग्रेडच्या आकड्यांचा अर्थ येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील मोटारवाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे ३०० या मानकानुसार ‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो, आणि पलीकडचा आकडा १०० अंशांवरील श्यानतेचा म्हणजे दाटपणाचा पट्टा सांगतो; ४० ग्रेडसाठी हा पट्टा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आणि ५० ग्रेडसाठी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असा ठरलेला आहे. वाचकांचे लक्ष बहुधा येथेच थांबते; पण त्याच मानकात १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली, म्हणजे बेअरिंगच्या आत जी अवस्था असते तिच्याशी मिळत्याजुळत्या अवस्थेत, तेल किती दाट उरते याचेही किमान प्रमाण दिलेले आहे. ते १०डब्ल्यू-४० साठी ३.५ आणि ५० ग्रेडसाठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. दोहोंतील तफावत अल्प आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उत्तम मूळ द्रव्याचे, थोडक्या बहुवारिकाचे ४० ग्रेडचे तेल ४.० च्या पुढे जाऊ शकते, आणि स्वस्त मूळ द्रव्यात भरपूर बहुवारिक घालून उभे केलेले ५० ग्रेडचे तेल किमान मर्यादेपाशीच रेंगाळू शकते. म्हणून ज्यास खरोखर तुलना करावयाची आहे त्याने डब्यावरील ठळक आकड्यांपेक्षा उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकातील ही संख्या पाहावी.

शर्यतीच्या तेलाची ख्याती जुनी आहे आणि तिचा उगम एरंडेलात आहे. इंग्लंडमधील चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने जे तेल बाजारात आणले त्यात एरंडेलाचा अंश होता. एरंडेल तापलेल्या धातूला चिकटून राहते आणि त्या काळच्या खनिज तेलांपेक्षा उष्णतेत अधिक टिकाव धरी, म्हणून विमानांच्या व शर्यतीच्या इंजिनांत ते दीर्घकाळ मान्यता पावले. परंतु ते ऑक्सिजनाशी संयोग पावून चिकट राळेसारखा थर धरते आणि दट्ट्याची कडी खाचेतच जखडून टाकते. शर्यतीचे इंजिन दर शर्यतीनंतर उघडून साफ करण्याचा शिरस्ता असल्यामुळे तेथे हा दोष खपून जाई. रोजच्या वाहनात तो खपणारा नव्हता. आजच्या शर्यतीच्या तेलांत एरंडेलाची जागा बहुतांशी संश्लेषित एस्टरांनी घेतली असली, तरी मूळ तडजोड तीच राहिली आहे. थोड्या तासांत काढून टाकावयाच्या अशा तेलात काजळी व आम्ल सांभाळणारी स्वच्छक द्रव्ये कमी ठेवता येतात, झीजरोधक जस्त-फॉस्फरसाचे संयुग वाढविता येते, आणि शक्ती वाचावी म्हणून तेल मुद्दाम पातळही करता येते. तीन हजार किलोमीटर आत राहून दमट पावसाळ्यातील आम्ल पचविण्याची तजवीज त्यात असेलच असे नाही.

मोटारसायकलींच्या तेलासाठी जपानने १९९८ मध्ये टी ९०३ हे मानक अमलात आणले. ते ‘जासो’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात ओल्या क्लचला पुरेसे घर्षण देणाऱ्या तेलास एम.ए. हा वर्ग असून, २००६ मध्ये त्याचे एम.ए.१ आणि एम.ए.२ असे पोटभेद करण्यात आले. त्यांपैकी एम.ए.२ हा क्लच अधिक घट्ट धरणारा होय. त्याच मानकात फॉस्फरसाचे प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के यांच्या दरम्यान बांधून दिले आहे, कारण त्याहून अधिक फॉस्फरस धूरनळीतील उत्प्रेरक निकामी करतो. यामुळे ज्या शर्यतीच्या तेलात जस्त-फॉस्फरसाचे संयुग या मर्यादेपलीकडे वाढविलेले असते, त्यावर हा शिक्का येऊच शकत नाही. आणि ज्या तेलावर ‘रेसिंग’ व एम.ए.२ हे दोन्ही शब्द एकत्र असतात, ते वस्तुतः उत्तम प्रतीचे रस्त्याचेच तेल असते. असे तेल घेण्यास कोणतीच हरकत नाही; फक्त नावासाठी जादा पैसे मोजावे लागतात, एवढे समजून घ्यावे.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. चाकण येथे जुळवणी होणारी कावासाकी निन्जा ३०० ही २९६ घन सेंटिमीटरची दोन सिलिंडरांची, पाण्याने थंड होणारी मोटारसायकल आहे. तिची कमाल शक्ती मिनिटाला ११,००० आवर्तनांवर मिळते. सामान्य परिस्थितीसाठी १०डब्ल्यू-४० तेल सांगून, हवामानानुसार ५० ग्रेड वापरण्याची मुभा कावासाकीच्या पुस्तिका देतात. समजा, पुण्याचा एक हौशी चालक हे वाहन घेऊन चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतपथावर जातो, आणि त्याच्या इंजिनात तीन हजार किलोमीटर चाललेले अर्धसंश्लेषित १०डब्ल्यू-४० तेल आहे. नवेपणी जे तेल १०० अंशांवर १४ सेंटिस्टोक होते, ते बहुवारिके तुटल्यामुळे १२ च्या खाली आलेले असणे अगदी शक्य आहे. म्हणजे डब्यावर ४० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते ३० ग्रेडच्या पट्ट्यात शिरले. १२० अंशांवर असे तेल आठाच्या आसपास उरते. त्याच ग्रेडचे नवे तेल त्याच तापमानाला ९.३ च्या सुमारास असते, आणि १०० अंशांवर १८ असलेले नवे १०डब्ल्यू-५० तेल पावणेबाराच्या सुमारास. याचाच दुसरा अर्थ असा की, एक ग्रेड वर चढल्याने सुमारे दहा-अकरा अंशांची सवलत मिळते. ११० अंशांवरचे ५० ग्रेडचे तेल १०० अंशांवरच्या ४० ग्रेडइतकेच दाट असते. तेल १०५ अंशांच्या आतच राहत असेल तर नव्या ४० ग्रेडवर समाधान मानावे. ते १२० कडे झुकत असेल तर ५० घ्यावे. याहून दाट ६० ग्रेड घेण्यात लाभ नाही. दाट तेलामुळे पंपाची दाबमर्यादक झडप लवकर उघडून तेल कुंडीत परत जाते, बेअरिंगला प्रवाह कमी मिळतो, आणि ढवळले जाताना तेल स्वतःच अधिक तापते. माझ्या मते या चालकाला सर्वांत मोठा लाभ शर्यतपथावर जाण्यापूर्वी जुने तेल व गाळणी बदलण्यातच आहे.

तेलाच्या जातीइतकीच त्याची पातळी महत्त्वाची असून, या बाबीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. जोराचा ब्रेक लागताच कुंडीतील तेल पुढे धावते आणि पंपाचे शोषणमुख क्षणभर उघडे पडू शकते. तेव्हा पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर कितीही मौल्यवान तेल उपयोगी पडत नाही. इंजिन तापवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे, वाहन सरळ उभे धरावे आणि काचेतील वरच्या खुणेला लागून तेल आहे याची खात्री करावी. खुणेच्या वर मात्र भरू नये, कारण फिरता क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो आणि जादा तेल श्वासनळीतून हवापेटीत जाते. ब्रेक लावताना वा लांब वळणात दाबाचा लाल दिवा लुकलुकला, तर ते सत्र तेथेच सोडून बाहेर यावे. गिअर बदलताना खडखड वाढली, दोन गिअरांमध्ये पाय अडकून खोटा न्यूट्रल लागू लागला, तर तेलाचा दाटपणा गेल्याचे ते बहुधा पहिले लक्षण असते. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला आवर्तने चढतात पण वेग चढत नाही, असे आढळल्यास क्लच घसरत आहे. तबकड्या झिजलेल्या नसतील तर बहुधा घर्षणशामक द्रव्ये असलेले मोटारगाडीचे तेल चुकून आत गेलेले असते. तेल काळे झाले एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही; स्वच्छक द्रव्ये आपले काम करीत असली तरी ते काळे होतेच.

खऱ्या शर्यतीच्या तेलाची निवड तेथेच समर्थनीय ठरते, जेथे वाहन रस्त्यावर येतच नाही, धूरनळीत उत्प्रेरक उरलेला नाही, इंजिन ठरावीक तासांनी उघडले जाते आणि प्रत्येक शर्यतीनंतर तेल उपसले जाते. अशा इंजिनात एस्टरचा धातूला धरून राहण्याचा गुण उपयोगी पडतो, आणि स्वच्छकांची उणीव जाणवण्याइतका काळ तेल आत राहतच नाही. हेच तेल शर्यतीनंतर आत ठेवून पावसाळाभर रस्त्यावर चालविल्यास त्याचा गुण दोषात बदलतो. अशा शर्यतींत उतरणाऱ्यास आणखी एक खबरदारी नियमानेच घ्यावी लागते : तेल काढण्याच्या बोल्टाला भोक पाडून तो व तेलाची गाळणी तारेने आवळून बांधावी लागते, कारण वळणावर सांडलेले वाटीभर तेल मागून येणाऱ्या प्रत्येक चालकाला पाडू शकते. हौशी चालकानेही, कोणी तपासणारे नसले तरी, ही तार बांधावी असे या नोंदीच्या लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे. तेलाच्या डब्यावर वाचविलेल्या पैशांत ते काम सहज होते.