मुंबई की कराची? उत्तर टॅक्सीच्या रंगात नाही

१/ काळी-पिवळी टॅक्सी, रस्त्याच्या डाव्या बाजूने धावणारी रहदारी, मागे ब्रिटिशकालीन दगडी इमारती आणि खाली ना स्थळ ना तारीख. १९७०च्या दशकातील असे छायाचित्र मुंबईचे असू शकते, तसेच कराचीचेही. दोन्ही शहरांत टॅक्सी काळ्या-पिवळ्या होत्या, दोन्हीकडे वाहने डावीकडूनच चालत. मग निर्णय कशावरून करायचा? गाड्यांच्या घडणीवरून. त्यासाठी आधी एका सरकारी धोरणाचा इतिहास पाहावा लागतो.

२/ १९५३ साली भारत सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार ठरवले की, गाडीचे भाग देशातच घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच येथे धंदा करावा. सुटे भाग आणून केवळ जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली: उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

३/ परिणाम असा की, जगभर गाड्यांची रूपे बदलत राहिली आणि भारतीय रस्त्यावरची जवळजवळ गोठली. १९५७ची अँबॅसडर म्हणजे मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. ब्रिटनमध्ये ते रूप काही वर्षांतच मागे पडले, उत्तरपाड्यात मात्र ते २०१४ पर्यंत निघत राहिले. इटलीत फियाट ११०० डी १९६६ साली थांबली, तर कुर्ल्यात तीच घडण पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

४/ आता आपल्या छायाचित्राकडे वळू. टॅक्सी पद्मिनीच्या घडणीची आहे: चौकोनी छप्पर, मागच्या कोपऱ्यांवर बारीकसे उंचवटे. पण तेवढ्यावर मुंबई म्हणू नये, कारण फियाट इतर देशांतही गेल्या होत्या. एका गाडीला साक्षीदार मानावे, न्यायाधीश नव्हे. मात्र अशा नव्याकोऱ्या गाड्यांची रांगच उभी असेल आणि काळ १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध असेल, तर पारडे भारताकडे झुकते, कारण मूळ देशात त्या बनणे केव्हाच थांबले होते.

५/ याहून भक्कम पुरावा स्टँडर्ड हेराल्डचा. ब्रिटनमधील मूळ ट्रायम्फ हेराल्ड दोन दारांची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या कारखान्याने तिला चार दारे दिली, आणि हे रूप ब्रिटनमध्ये कधीच विकले गेले नाही. म्हणून छायाचित्रात हेराल्ड दिसली की आधी दारे मोजावीत.

६/ पण सर्वात बोलका पुरावा असतो तो न दिसणाऱ्या वाहनांचा. त्या दशकातील कराचीत टोयोटा, डॅटसन या जपानी गाड्या आणि होंडाच्या छोट्या मोटारसायकली सर्रास दिसत. भारतात जपानी सहकार्याची पहिली लोकप्रिय मोटार, मारुती ८००, आली ती १९८३च्या डिसेंबरात, आणि हिरो होंडाची सीडी १०० त्यानंतर. तत्पूर्वी येथे बजाजच्या स्कूटर, राजदूत, येझदी आणि बुलेट यांचेच राज्य होते. चाळीस वाहनांच्या गर्दीत एकही जपानी वाहन नसेल, तर ती कराची असण्याची शक्यता फार थोडी. एखादी परदेशी गाडी मात्र अपवाद समजावी, कारण वकिलातींनी वापरलेल्या गाड्या पुढे भारतातही विकल्या जात.

७/ स्थळ सांगणारा हा पुरावा काळाच्या बाबतीत मात्र मुका असतो. जे रूप बदललेच नाही, ते वर्ष कसे सांगणार? काळासाठी चौकटीतील सर्वात नवे वाहन शोधावे. येझदी हे नाव १९७३चे, म्हणून टाकीवर ते वाचता आले तर छायाचित्र त्याआधीचे नाही. ‘त्यानंतर किती?’ याचे उत्तर ती मोटारसायकल देत नाही.

८/ १९८३ नंतर ही पद्धत हळूहळू लंगडी पडते. १९८६ची नव्या घडणीची मारुती ८०० आणि १९८९ पासून पाकिस्तानात निघालेली सुझुकी मेहरान या एकाच सुझुकी आल्टोच्या लेकी, त्यामुळे लांबून ओळखू येत नाहीत. शिवाय काठमांडूच्या टॅक्सीही मारुतीच. तेथे गाडीची घडण सोडून नंबरपाटी आणि दुकानांच्या पाट्यांवरील लिपीच वाचावी लागते. बंद बाजारपेठेने ग्राहकाला वर्षानुवर्षे गाडीसाठी ताटकळत ठेवले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिने नकळत एक ओळखचिन्ह दिले, आणि बाजार खुला होताच ते पुसटही झाले.