‘शाळेमागे सरासरी विद्यार्थी’: नॅकच्या एका मापकावर भाष्य

शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या स्वयं-अध्ययन अहवालात कसोटी 2 अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाची आहे. तिच्यातला मापक 2.4.9 एका वाक्याचा आहे. आशय असा: ‘गेल्या पूर्ण झालेल्या शैक्षणिक वर्षात आंतरवासितेसाठी प्रत्येक शाळेला जोडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी संख्या.’ हा संख्यात्मक मापक आहे. म्हणजे इथे वर्णन चालत नाही. आकडा द्यायचा आणि त्यामागचा कागद दाखवायचा. भागाकार सोपा आहे. अंश आणि छेद कोणता, हे ठरवणे अवघड.

‘गेल्या पूर्ण झालेल्या शैक्षणिक वर्षात’

अहवालातली पुष्कळ माहिती पाच वर्षांची असते. ही एकाच वर्षाची. ‘पूर्ण झालेल्या’ म्हणजे चालू वर्ष नव्हे. समजा, अहवाल नोव्हेंबर 2023 मध्ये भरला जातो आहे. मग वर्ष 2022-23. त्या नोव्हेंबरात शाळांत असलेली तुकडी कितीही व्यवस्थित असली तरी इथे तिचा उपयोग नाही.

‘विद्यार्थ्यांची’

कोणते विद्यार्थी? अंतिम वर्षाचे. 2014 च्या एनसीटीई विनियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता किमान 20 आठवड्यांची आहे: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. म्हणून पहिल्या वर्षाचे छात्राध्यापकही शाळेत जातात आणि त्यांना मोजण्याचा मोह होतो. तो टाळ. प्रवेशक्षमता हाही अंश नव्हे. दोन तुकड्यांच्या 100 जागा असतील, पण अंतिम वर्षाच्या पटावर 88 असतील, तर अंश 88.

‘जोडलेल्या’

सगळा कस या शब्दात आहे. लगतचा मापक 2.4.8 आंतरवासितेचे नियोजन विचारतो आणि त्यात ‘विविध प्रकारच्या शाळांचा अनुभव’ हा एक मुद्दा आहे. त्यासाठी महाविद्यालय छात्राध्यापकांना एखाद्या आश्रमशाळेत, एखाद्या विशेष शाळेत एक-दोन दिवस नेते. या शाळा इथे मोजायच्या का?

एक वाचन म्हणते, मोजा. आंतरवासितेचाच तो भाग आहे. दुसरे म्हणते, जिथे छात्राध्यापकाला वेळापत्रकात तास मिळाले आणि एखाद्या शिक्षकाने त्याचे पाठ पाहिले, तीच जोडलेली शाळा. मला दुसरे ग्राह्य वाटते. कारण पुढचा मापक 2.4.10 छात्राध्यापकाने शाळेत काय केले ते विचारतो: वर्गाध्यापन, चाचण्या, पालकसभा, प्रगतिपत्रके. त्याच्या पुराव्यात शाळावार अहवाल लागतात. भेटीच्या शाळेचा असा अहवाल कुठून आणणार?

आता आकडे घालून पाहू. यादीत 11 शाळा. 88 भागिले 11, सरासरी 8. त्यांपैकी तीन केवळ भेटीच्या निघाल्या. छेद उरला 8, सरासरी झाली 11. मापक ‘कमी तितके चांगले’ असे म्हणत नाही, पण ते सूचित आहे: एका शाळेत छात्राध्यापकांची गर्दी झाली की तास वाटले जातात आणि मार्गदर्शक शिक्षकाची नजर प्रत्येकावर राहत नाही. म्हणूनच छेद फुगवावासा वाटतो.

‘प्रत्येक शाळेला’

एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक विभाग असतील, तर शाळा एक की दोन? माझा निकष असा: यू-डायस क्रमांक वेगळा आणि मुख्याध्यापक वेगळे असतील, तर दोन. हा अकरा अंकी क्रमांक प्रत्येक शाळेला असतो. यादीत शाळेच्या नावापुढे तो लिहून ठेव. सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरते म्हणून एक शाळा दोन होत नाही.

‘सरासरी’

सरासरी वाटणीतली विषमता झाकते. एका शाळेत 22 आणि दुसऱ्या शाळेत 3 असले तरी उत्तर तेच येते. म्हणून शाळावार यादी जोडायची. तिच्यातल्या नावांची बेरीज 88 च यायला हवी. सत्राच्या मध्येच शाळा बदललेला विद्यार्थी दोन याद्यांत येतो आणि बेरीज 89 होते. माहितीची पडताळणी करणारा नेमका तिथे थांबतो आणि खुलासा मागतो. नोंद एकाच शाळेत ठेव, बदलाचे पत्र सोबत लाव.

आता कागद. मुख्याध्यापकांचे संमतिपत्र म्हणजे शाळेने होकार दिला, एवढेच. आंतरवासिता झाली, हे पूर्ततेचे प्रमाणपत्र आणि हजेरीपत्रक सांगते. आठही प्रमाणपत्रांचा मजकूर शब्दशः सारखा असेल तर चालते, कारण नमुना बहुधा महाविद्यालयच देते. पण प्रमाणपत्राची तारीख आंतरवासिता संपण्याआधीची असेल, किंवा हजेरीपत्रकात दिवाळीच्या सुट्टीतही सह्या असतील, तर पुरावा उलटतो. तारखा शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीशी ताडून पाहा. मूळ कागद मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते. ते मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याच्या मूळ प्रतीसोबत लाव, तिच्या जागी नव्हे.