मित्राने नेलेली स्कूटर, अपघात आणि मालकाचे उत्तरदायित्व

हिंदूराव (दिल्ली) : स्कूटर स्वतः चालवत नसतानाही तिच्यामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकावर येऊ शकते. मित्राला तासाभरासाठी किल्ली दिली, एवढ्या कारणाने ही जबाबदारी टळत नाही. उत्तर दिल्लीतील हिंदूराव परिसरात असा अपघात घडला, तर नुकसानभरपाईचा दावा जवळच्या तीस हजारी न्यायालय संकुलातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर येऊ शकतो. तेथे स्कूटर कोण चालवत होता, या प्रश्नाबरोबरच ती कोणाच्या नावावर नोंदलेली आहे, हेही पाहिले जाते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार सामान्यतः ज्याच्या नावाने वाहनाची नोंदणी आहे, तोच मालक मानला जातो. याच कायद्याच्या कलम 146 प्रमाणे, त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असल्याशिवाय वाहन स्वतः वापरणे अथवा दुसऱ्याला वापरू देणे निषिद्ध आहे. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा फौजदारी गुन्हा मात्र प्रत्यक्ष चालवणाऱ्यावरच नोंदवला जातो. केवळ मालकी आहे म्हणून त्या गुन्ह्याचे दायित्व मालकावर येत नाही. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे मात्र मालकाला बंधनकारक असते.

मित्राकडे दुचाकीचा वैध परवाना असेल आणि विमा चालू असेल, तर जखमी पादचाऱ्याची भरपाई सामान्यतः विमा कंपनी भरते. मालक दावा-प्रकरणात प्रतिवादी असतो. पण रक्कम त्याच्या खिशातून जात नाही. विमा मुळातच नसेल, तर भरपाई मालक व चालक यांच्याकडून वसूल होते आणि पीडित व्यक्ती ती संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते.

खरी गुंतागुंत परवान्याच्या बाबतीत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली एका स्कूटर अपघाताच्या प्रकरणात निर्णय दिला. चालकाकडे परवाना होता. परंतु तो जड वाहनाचा होता, दुचाकीचा नव्हता. न्यायालयाने हा विमा-अटीचा भंग ठरवला. पीडितांचे हाल होऊ नयेत म्हणून कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. ‘आधी भरा, मग वसूल करा’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. म्हणून मित्राकडे परवाना आहे का, एवढेच विचारणे अपुरे असते. त्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे लागते.

दिल्लीतीलच एका प्रकरणात अल्पवयीन पुतण्याने काकांची मोटारसायकल नेली आणि अपघातात स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला. किल्ली आपल्या संमतीविना नेली, असा मालकाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो मान्य केला नाही. वाहनाचा गैरवापर होऊ नये याची दक्षता घेणे ही मालकाचीच जबाबदारी ठरवून कंपनीचा वसुलीचा अधिकार कायम ठेवला.

मालकाला संरक्षण मिळतच नाही, असे नव्हे. 2004 च्या स्वर्ण सिंग निर्णयानुसार, मालकाने अट जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे मोडली, हे सिद्ध करण्याचे ओझे विमा कंपनीवर असते. मित्राने दाखवलेला परवाना वरकरणी खरा व योग्य वर्गाचा होता आणि तो पाहूनच वाहन दिले, हे मालकाला दाखवता आले, तर परवाना पुढे बनावट निघाला तरी वसुली टळू शकते. त्यामुळे परवान्याचे छायाचित्र जवळ ठेवणे उपयोगी ठरते. परवाना नसलेल्याला जाणीवपूर्वक वाहन देणे हा कलम 180 खाली मालकाचा स्वतंत्र अपराध असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आणखी एक बाजू सहसा लक्षात येत नाही. मागून नेलेल्या दुचाकीवर स्वतः मित्रच दगावला आणि दुसऱ्या कोणाची चूक नसेल, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले की, वाहन मागून घेणारा चालक मालकाच्याच जागी उभा असतो. म्हणून त्याच्या वारसांना त्रयस्थ म्हणून मालकाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. पॉलिसीतील वैयक्तिक अपघात संरक्षणही सर्वसाधारणपणे परवानाधारक मालक स्वतः चालवत असतानाच लागू होते. अशा वेळी मित्राचे कुटुंब त्याच्या स्वतःच्या विम्यावरच अवलंबून राहते.