सवड (प्रकल्प नियोजन)

प्रकल्प नियोजनात एखादे काम संपूर्ण प्रकल्पाची अखेरची तारीख न बदलता जितके दिवस लांबू शकते, त्या अवधीला त्या कामाची सवड (फ्लोट किंवा स्लॅक) असे म्हणतात. ही संकल्पना निर्णायक मार्ग पद्धतीचा भाग आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी ही पद्धत विकसित केली.

गणन

प्रथम आरंभापासून पुढे जात प्रत्येक काम लवकरात लवकर केव्हा सुरू होईल व केव्हा संपेल, हे काढतात. एखादे काम अनेक कामांवर अवलंबून असेल, तर त्यांतील सर्वांत उशिरा संपणाऱ्या कामाचा दिवस धरतात. नंतर अखेरच्या दिवसापासून मागे येत प्रत्येक काम उशिरात उशिरा केव्हा संपले तरी चालेल, हे ठरवतात. या दोन समाप्तिदिनांतील फरक म्हणजे सवड होय.

उदाहरण

एका खोलीच्या बांधकामात पायाला १०, भिंतींना १२ व छताला ८ दिवस लागतात आणि ही कामे एकामागून एक होतात. त्याच वेळी पहिल्या दिवसापासून सुतार १५ दिवसांत दारे-खिडक्या तयार करतो व रंगारी ४ दिवसांत त्या रंगवतो. छत व रंगकाम दोन्ही झाल्यावर दारे-खिडक्या बसवण्यास ३ दिवस लागतात.

छत ३० व्या दिवशी पूर्ण होते, म्हणून प्रकल्प ३३ दिवसांचा ठरतो. पाया, भिंती, छत व बसवणी यांची सवड शून्य आहे. हाच निर्णायक मार्ग असून त्यावरील एका दिवसाचा विलंब अखेरची तारीख एका दिवसाने पुढे ढकलतो. रंगकाम मात्र १९ व्या दिवशी संपू शकते आणि ३० व्या दिवशी संपले तरी चालते. त्यामुळे सुतारकाम व रंगकाम या दोहोंची सवड प्रत्येकी ११ दिवस येते.

सामायिक सवड

हे ११ दिवस दोन्ही कामांत सामायिक असतात. त्यांची बेरीज २२ होत नाही. सुताराने ११ दिवस उशीर केल्यास रंगाऱ्याकडे एकही दिवस उरत नाही. सुतारकाम १४ दिवस लांबल्यास रंगकाम ३३ व्या दिवशी संपते व प्रकल्प ३६ दिवसांचा होतो. तेव्हा निर्णायक मार्ग सुतारकामावरून जातो आणि छताच्या कामाला ३ दिवसांची सवड मिळते. पुढील कामाचा आरंभ न लांबवता जो अवधी वापरता येतो, त्याला मुक्त सवड म्हणतात. येथे सुतारकामाची मुक्त सवड शून्य, तर रंगकामाची ११ दिवस आहे.

मर्यादा

हे गणित कामांच्या अंदाजित कालावधीवर व परस्परावलंबनावर आधारलेले असते. दोन कामांना एकच कारागीर लागत असल्यास, ती बाब आराखड्यात नोंदली नसताना दिसणारी सवड प्रत्यक्षात उपलब्ध नसते. म्हणून काम पुढे सरकेल तसे गणन पुन्हा करावे लागते.