रेषीय प्रायोजन : आलेखीय रीत

मजूर-तास व यंत्र-तास हे दोन्ही मर्यादित असताना कोणती वस्तू किती निर्माण केल्यास सर्वाधिक नफा होईल, हे आलेखावरून ठरविण्याची रीत. या विषयाचा उगम लेनिनग्राडमधील एका कारखानी प्रश्नात आहे. १९३८ मध्ये प्लायवुड उद्योगाच्या प्रयोगशाळेने लिओनिद कंतोरोविच या गणितज्ञांपुढे, निरनिराळ्या जातींचे लाकूड निरनिराळ्या क्षमतेच्या यंत्रांवर कसे वाटून द्यावे, हा प्रश्न मांडला. त्यांनी आपली पद्धत १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे सर्वसाधारण पद्धत शोधली.

आलेखीय रीत पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कारखान्यात आठवड्याला ८० मजूर-तास व १२० यंत्र-तास उपलब्ध आहेत. एका पेटीस १ मजूर-तास व ३ यंत्र-तास, तर एका खुर्चीस प्रत्येकी २ तास लागतात. पेटीवर ५० व खुर्चीवर ६० रुपये नफा होतो. पेट्यांची संख्या क्ष व खुर्च्यांची य मानल्यास क्ष + २य ≤ ८० आणि ३क्ष + २य ≤ १२० या मर्यादा मिळतात. त्यांच्या रेषा व दोन्ही अक्ष यांनी वेढलेल्या चौकोनातील प्रत्येक बिंदू ही एक शक्य योजना होय. समान नफ्याची रेषा स्वतःशी समांतर ठेवून बाहेर सरकविली असता ती या क्षेत्राला शेवटी एका शिरोबिंदूवर स्पर्श करते. येथे तो (२०, ३०) असून नफा २,८०० रुपये आहे. केवळ पेट्या केल्यास २,००० व केवळ खुर्च्या केल्यास २,४०० रुपयेच मिळतात. नफ्याची रेषा एखाद्या मर्यादारेषेला समांतर असल्यास मात्र एकाहून अधिक उत्तरे संभवतात.

मजूर-तास ८१ केल्यास छेदनबिंदू (१९.५, ३०.७५) येथे सरकतो व नफा २० रुपयांनी वाढतो. त्याऐवजी एक यंत्र-तास वाढविल्यास तो १० रुपयांनी वाढतो. ही त्या तासांची अंतर्गत किंमत होय. ती मर्यादित पल्ल्यातच खरी असते. यंत्र-तास १२० च राहिल्यास १२० मजूर-तासांपुढे अधिक श्रमाने नफा वाढत नाही, कारण तेव्हा सर्व यंत्र-तास खुर्च्यांतच खर्च होतात.

अशा किमतींमुळेच कंतोरोविच अडचणीत आले. त्यांचे गुणक यंत्रासारख्या साधनांनाही किंमत देत असल्याने, मूल्याचा उगम श्रमात मानणाऱ्या सोव्हिएट अर्थशास्त्रज्ञांना ते संशयास्पद वाटले. १९४२ मध्ये लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५९ मध्येच प्रसिद्ध होऊ शकला. १९७५ मध्ये त्यांना त्यालिंग कूपमान्स यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कागदावरील आलेखाचे दोनच अक्ष असल्याने ही रीत दोन वस्तूंपुरतीच सोयीची ठरते. मर्यादा मात्र कितीही असू शकतात. वस्तू वाढल्यास डँटझिग यांची पद्धत एका शिरोबिंदूवरून त्याहून सरस अशा शेजारच्या शिरोबिंदूकडे जात हेच कार्य गणनेने करते.