फॉरवर्ड प्रॉक्सी आणि रिव्हर्स प्रॉक्सी

प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये उभा राहून एकाच्या वतीने दुसऱ्याशी बोलणारा सर्व्हर. तो ब्राउझरच्या बाजूने बोलत असेल तर त्याला फॉरवर्ड प्रॉक्सी म्हणतात आणि संकेतस्थळाच्या बाजूने बोलत असेल तर रिव्हर्स प्रॉक्सी. गैरहजर मित्राच्या नावाने हजेरी देण्याला ‘प्रॉक्सी मारणे’ म्हणतात. तिथे बोलतो एक आणि वहीत नाव लागते दुसऱ्याचे. इंटरनेटवर मात्र वहीत नाव लागते ते बोलणाऱ्याचेच, म्हणजे मध्यस्थाचे. पुढच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

दोन्ही प्रकारांत यंत्र आणि काम सारखेच दिसते. विनंती घ्यायची, पुढे न्यायची आणि उत्तर परत आणून द्यायचे. म्हणून फरक ओळखताना नुसते तारांचे चित्र पाहून भागत नाही, मध्यस्थाला कोणी नेमले ते विचारावे लागते. एचटीटीपीच्या २०२२ च्या प्रमाणभूत दस्तऐवजातही हीच कसोटी आहे. ग्राहकाने स्वतः निवडलेला मध्यस्थ तो प्रॉक्सी. ग्राहकाला मूळ सर्व्हरच भासणारा, पण आतल्या दुसऱ्या सर्व्हरकडे विनंती नेणारा मध्यस्थ तो गेटवे, अर्थात रिव्हर्स प्रॉक्सी. संकेतस्थळ बंद पडल्यावर दिसणाऱ्या `502 Bad Gateway` या संदेशातला गेटवे हाच. तो संदेश दिसला की दरवान जागेवर आहे पण आत कोणी ओ देत नाही, असे समजावे.

फॉरवर्ड प्रॉक्सी आधी आला. वेबच्या अगदी सुरुवातीला, १९९४ मध्ये, सर्न या संस्थेच्या सर्व्हरमध्ये ही सोय झाली. संस्थेच्या भिंतीआड असलेल्या संगणकांना बाहेरचे वेब पाहता यावे, हा तिचा उद्देश होता. १९९६ मध्ये स्क्विड आला. बारीक लाइनवर साठ जणांनी तेच पान मागितले तर ते एकदाच आणून साठवायचे आणि साठ जणांना वाटायचे, हे त्याचे मुख्य काम होते. पाने एचटीटीपीएसने कुलूपबंद झाल्यावर प्रॉक्सीला ती वाचताही येईनात आणि साठवताही येईनात. आज शाळा-महाविद्यालयांत असा प्रॉक्सी बसवतात तो मुख्यतः कोण कुठे जाते याची नोंद ठेवायला आणि काही संकेतस्थळे अडवायला. रिव्हर्स प्रॉक्सीचे काम आज सर्रास ज्या एनजिनएक्सकडे असते, तो इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

एका विनंतीचा प्रवास पाहू. समजा, नवीन पनवेलमधल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी निकालाचे संकेतस्थळ उघडते आहे. पनवेल तालुक्यात भोकरपाडा येथे योट्टाचे एनएम१ हे मोठे डेटासेंटर २०२० पासून चालू आहे. ते संकेतस्थळ तशाच एखाद्या जवळच्या डेटासेंटरमध्ये आहे असे धरू. अंतर जेमतेम काही किलोमीटरचे, तरी वाटेत दोन मुखत्यार भेटतात, एक तिच्या बाजूचा आणि एक संकेतस्थळाच्या बाजूचा.

तिच्या संगणकाचा पत्ता `192.168.10.37`. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून `192.168.10.1` आणि पोर्ट `3128` भरलेला आहे, म्हणजे मध्यस्थ कोण हे ब्राउझरला ठाऊक आहे. पान एचटीटीपीएसचे असल्याने ब्राउझर महाविद्यालयाच्या स्क्विडला एवढेच सांगतो:

```
CONNECT result.example:443 HTTP/1.1
```

याचा अर्थ, या नावापर्यंत मला एक नळी जोडून दे, आत काय वाहते ते तू पाहू नकोस. स्क्विड नळी जोडतो आणि आपल्या नोंदवहीत वेळ, तिच्या संगणकाचा पत्ता, संकेतस्थळाचे नाव आणि किती बाइट गेले-आले ते लिहून ठेवतो. तिचा आसनक्रमांक त्याला दिसत नाही. नळीच्या बाहेरच्या टोकाला तिचा पत्ता उरत नाही. तिथे महाविद्यालयाचा एकच सार्वजनिक पत्ता दिसतो, समजा `203.0.113.25`.

नळीचे दुसरे टोक पोहोचते ते संकेतस्थळाच्या एनजिनएक्सपाशी. कुलूप इथे उघडते. प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे, जोडणी सुरक्षित असल्याचे ब्राउझर त्याच्याच भरवशावर सांगतो. तो विनंती वाचतो आणि आतल्या खऱ्या सर्व्हरकडे स्वतःच्या नावाने नवी जोडणी करतो:

```
location / {
    proxy_pass http://10.0.0.11:8080;
    proxy_set_header Host $host;
    proxy_set_header X-Forwarded-For
        $proxy_add_x_forwarded_for;
}
```

आतला सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नाही. पण त्याच्या दृष्टीने सगळे पाहुणे एकाच दारातून येतात आणि त्या दाराचा पत्ता समजा `10.0.0.5` आहे. आपल्याशी कोण बोलते आहे असे त्याने पाहिले, तर पनवेलची विद्यार्थिनी, नागपूरचा पालक आणि पासवर्ड फोडू पाहणारा चोर यांचे उत्तर एकच येते.

बिघाड होतो तो इथेच. पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता तासभर बंद करायचा, असा नियम आतल्या सर्व्हरच्या फायरवॉलला लावला आहे. नियम चांगलाच आहे. एकाने पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. फायरवॉलने नोंदवहीत पाहिले, पत्ता `10.0.0.5`, आणि तो बंद केला. स्वतःच्या दरवानालाच त्याने बाहेर ठेवले. आता आत कोणालाच येता येत नाही. फायरवॉल जोडणी नुसतीच गिळत असेल तर एनजिनएक्स मिनिटभर वाट पाहून `504` दाखवतो. तोंडावर नकार देत असेल तर लगेच `502` येतो. आतला सर्व्हर धडधाकट चालू असतो. त्याच्यावर बसून पाहिले तर पान उघडते, म्हणून सांभाळणारा माणूस गोंधळून जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: आतल्या नोंदवहीत ओळीमागून ओळ एकच पत्ता दिसत असेल, तर मूळ पत्ता दरवानापाशीच अडकला आहे.

`X-Forwarded-For` ही ओळ त्यासाठीच आहे. एनजिनएक्स तीत आपल्याला दिसलेला पत्ता लिहून आत पाठवतो. पण या ओळीवर आंधळा विश्वास ठेवणे ही पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक. कोणीही आपल्या विनंतीत ती ओळ आधीच भरून पाठवू शकतो. वरच्या मांडणीत एनजिनएक्स ती पुसत नाही, तिच्या शेवटी भर घालतो:

```
X-Forwarded-For: 192.0.2.99, 203.0.113.25
```

यातला डावीकडचा पत्ता पाहुण्याने स्वतः सांगितलेला आहे, खरा असेल किंवा थाप असेल. उजवीकडचा आपल्या दरवानाने डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणून ओळ उजवीकडून वाचायची आणि आपल्या मालकीचे जितके मध्यस्थ असतील तितक्याव्या पत्त्यावर थांबायचे. अनेक प्रोग्राम सवयीने डावीकडचा पहिला पत्ता उचलतात. मग चोर दर वेळी नवा खोटा पत्ता लिहितो आणि पाच चुकांचा नियम त्याला कधीच लागू होत नाही.

हे सगळे नीट केले तरी एक अडचण शिल्लक राहते आणि तिला संकेतस्थळवाल्याकडे पुरता इलाज नाही. नळी कुलूपबंद असल्याने स्क्विडला आतल्या विनंतीत विद्यार्थिनीचा पत्ता लिहिता येत नाही. निकालाच्या दुपारी त्या प्रयोगशाळेतून साठ जणांनी एकदम पान उघडले, तर संकेतस्थळाला `203.0.113.25` हा एकच अधीर पाहुणा दिसतो. पत्त्यामागे मिनिटाला तीस विनंत्यांची मर्यादा असेल, तर प्रयोगशाळेतल्या किमान निम्म्या मुलांना नकार मिळेल आणि शेजारी मोबाइलच्या डेटावर तेच पान सहज उघडेल. अशा वेळी मर्यादा पत्त्याला न लावता आसनक्रमांकाला किंवा लॉगिनला लावलेली बरी.

एका प्रकारचा प्रॉक्सी नकळत दुसऱ्या प्रकारचा होऊ शकतो, हे माझ्या मते या विषयातले सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. अपाची सर्व्हरमध्ये रिव्हर्स प्रॉक्सीसाठी `ProxyPass` ही सूचना पुरते. पण `ProxyRequests` हे नाव पाहून अनेकांना तेही सुरू करायला हवे असे वाटते. ते `On` केले आणि प्रवेशावर बंधन घातले नाही, की संकेतस्थळाचा दरवान रस्त्यावरच्या कोणाचेही काम करू लागतो. अनोळखी लोक त्याच्यामार्फत जगभर फिरतात आणि दुसऱ्या टोकाच्या नोंदवहीत पत्ता तुमचा पडतो. स्क्विडच्या बाजूला हीच चूक `http_access allow all` या ओळीने होते. तपासणी बाहेरच्या लाइनवरून करायची, म्हणजे कार्यालयाच्या वायफायऐवजी मोबाइलवरून:

```
curl -x http://198.51.100.7:80 http://example.com/
```

इथे `198.51.100.7` च्या जागी आपल्या सर्व्हरचा पत्ता घालावा, आणि स्क्विड तपासताना `80` च्या जागी `3128`. उत्तरात `Example Domain` हे शीर्षक आले, तर आपला सर्व्हर परक्यांची मुखत्यारी करतो आहे.

राहिला प्रश्न निष्ठेचा. फॉरवर्ड प्रॉक्सी बाहेर वापरकर्त्याच्या वतीने बोलतो हे खरे, पण प्रयोगशाळेत त्याला नेमते महाविद्यालय आणि नोंदवहीही महाविद्यालयाच्याच ताब्यात असते. विद्यार्थिनीचा पत्ता तो संकेतस्थळापासून लपवतो, महाविद्यालयापासून नाही. संस्थेने संगणकांवर स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले असेल, तर तो नळी मध्येच उघडून आतले वाचू आणि पुन्हा बंद करू शकतो. हे वापरकर्त्याला ओळखता येते. ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमधल्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहावे. बँकेच्या पानावर नेहमीच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीऐवजी आपल्याच संस्थेचे किंवा फायरवॉल कंपनीचे नाव दिसले, तर मध्ये कोणीतरी वाचते आहे. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

रिव्हर्स प्रॉक्सीच्या बाबतीत अशी खूण मिळत नाही. कुलूप त्याच्यापाशी उघडते आणि त्याच्या मागे मजकूर उघडा जातो की पुन्हा बंद होऊन, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. वरच्या मांडणीत तो `http://` ने, म्हणजे उघडाच जातो. दरवान भाड्याने घेतलेला असेल तर तोही सगळे वाचू शकतो. लाखो संकेतस्थळांपुढे उभ्या राहणाऱ्या क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरमधून एका चुकीमुळे एका संकेतस्थळाच्या पानांत दुसऱ्याचा मजकूर झिरपत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांच्या ते लक्षात आले.

रिव्हर्स प्रॉक्सी संकेतस्थळाला वाचवतो तेही आतला सर्व्हर खरोखर आत असला तरच. `8080` हा पोर्ट चुकून जगाला उघडा राहिला, तर हल्लेखोर दरवानाला वळसा घालून थेट मागच्या दाराने येतो, आणि `X-Forwarded-For` मध्ये हवे ते लिहून आणतो. म्हणून आतल्या सर्व्हरची फायरवॉल त्या पोर्टवर फक्त `10.0.0.5` ला येऊ देणारी असावी. आणि पाच चुकांच्या नियमातून हाच एक पत्ता कायमचा वगळावा.