लासरू: डोळ्यातून सतत पाणी आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन

पारोळा तालुक्यातील ६८ वर्षांच्या एका आजींच्या उजव्या डोळ्यातून दोन वर्षे पाणी येत होते. वयामुळे आणि शेतातल्या धुळीमुळे होत असेल, असे म्हणून घरच्यांनी लक्ष दिले नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात मात्र डॉक्टरांनी नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबला आणि आतून पू वर आला. ऑपरेशन पुढे ढकलले गेले. आजी नाराज होऊन माझ्याकडे आल्या.

असे का केले? डोळ्यातील पाणी पापण्यांच्या कडेवरील दोन बारीक छिद्रांतून अश्रूपिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरते. वाढत्या वयात ही नळी आकसून बंद होऊ शकते. हा त्रास स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि पू होतो. यालाच लासरू म्हणतात. अशा वेळी मोतीबिंदू काढला, तर तो पू डोळ्याच्या आत जाऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून आधी लासरूचा उपचार करावा लागतो.

पाणी येण्याची कारणे इतरही असतात, जसे कोरडा डोळा किंवा सैल झालेली खालची पापणी. म्हणून डॉक्टर छिद्रातून बारीक सुईने सलाईन सोडून पाहतात. सलाईन घशात उतरले तर मार्ग मोकळा आहे. ते परत बाहेर आले तर अडथळा आहे. अँटिबायोटिक थेंबांनी पू कमी होतो, पण बंद नळी उघडत नाही. लहान बाळांना उपयोगी पडणारी मालिश ज्येष्ठांमध्ये काम करत नाही.

यावर उपाय म्हणजे डीसीआर शस्त्रक्रिया. पिशवी आणि नाक यांच्यामधील पातळ हाडात छिद्र करून पाण्याला थेट नाकात जाणारी नवी वाट दिली जाते. ती नाकाच्या बाजूला लहान छेद घेऊन किंवा दुर्बिणीने नाकातून करतात. काही वेळा सिलिकॉनची नळी काही आठवडे ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगेपर्यंत नाक जोरात शिंकरू नका. काही रुग्णांत नवी वाट पुन्हा बुजते आणि पाणी परत सुरू होते.

खूप अशक्त रुग्णांत कधी फक्त पिशवी काढतात (डीसीटी). त्याने पू थांबतो, पण पाणी येत राहते.

आजींची डीसीआर झाली. काही आठवड्यांनी तपासणीत सलाईन घशात उतरले, दाबल्यावर पू आला नाही, आणि मग मोतीबिंदूची तारीख मिळाली.

नाकाजवळचा कोपरा अचानक लाल होऊन सुजला, खूप दुखू लागला किंवा ताप आला, तर गाठ दाबू किंवा फोडू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.